पिवळी पडलेली संगमरवरी मूर्ती: डाग निघावा, झळाळी राहावी

देवघरातली पांढरी मूर्ती पिवळी पडली की घरात दोन उपाय हमखास सुचवले जातात. कुणी म्हणतं, लिंबू किंवा चिंच लावून घासा. कुणी म्हणतं, तेलाचा हात फिरवा म्हणजे चमकेल. पहिला उपाय पितळेच्या देवांसाठी योग्य आहे, पण संगमरवराची झळाळी तो पाच मिनिटांत घालवतो. दुसऱ्या उपायाने मूर्ती चार दिवस चकाकते आणि वर्षभरात आणखी पिवळी होते. योग्य रीत या दोन्हींपेक्षा सावकाश आहे आणि तिला लागणारं बहुतेक सामान औषधाच्या दुकानात मिळतं. मात्र मूर्तीवरचा पिवळेपणा कशाने आला आहे, हे आधी ओळखावं लागतं. तेल, दूध आणि कुंकू हे तीन वेगळे डाग आहेत. ते तीन वेगळ्या उपायांनी निघतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

झळाळी म्हणजे नेमकं काय

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाली की संगमरवर तयार होतो. राजस्थानातल्या मकराण्याचा पांढरा दगड त्याच जातीचा. आपल्याकडच्या दत्त, राम-सीता, राधाकृष्ण, विठ्ठल-रखुमाई अशा कितीतरी मूर्ती जयपूरच्या कारागिरांनी या पांढऱ्या दगडातून घडवलेल्या असतात.

मूर्ती घडल्यावर कारागीर ती खरखरीत दगडापासून बारीक दगडापर्यंत टप्प्याटप्प्याने घासतात. पृष्ठभागावरचे स्फटिक एका पातळीत आले की प्रकाश सरळ परतून येतो आणि मूर्ती चमकते. म्हणजे चमक हा वरून दिलेला थर नाही, तो दगडाचाच गुळगुळीतपणा आहे. काही मूर्तींवर शेवटी मेण चढवतात, पण मूळ चमक दगडाचीच असते.

या गुळगुळीतपणाला दोन गोष्टींपासून धोका आहे. पहिली आम्ल. लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताक, दही यांपैकी काहीही संगमरवरावर पडलं की त्यातलं आम्ल दगडाशी संयोग पावतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दगडाचा अगदी पातळ थर विरघळून जातो. स्फटिक कमीजास्त झिजतात, प्रकाश विखुरतो आणि तिथे मंद, धुरकट पट्टा दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे घासणी. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर संगमरवर तिसऱ्या पायरीवर आहे, तर वाळूतली गारगोटी सातव्या. राख, रांगोळी, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट या सगळ्यांत संगमरवरापेक्षा कठीण कण असू शकतात. त्यांनी डाग निघाल्यासारखा वाटतो, कारण डागासकट दगडाचा वरचा थर गेलेला असतो.

डाग पुन्हा प्रयत्न करून काढता येतो. गेलेली झळाळी मात्र घरी परत आणता येत नाही. ती आणायला दगड पुन्हा घासावा लागतो आणि त्यात पापण्या, नखं, दागिन्यांची बारीक नक्षी बोथट होते. म्हणून या कामातला प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घ्यावा: यात झळाळीला धोका आहे का?

तीन पिवळेपण

संगमरवर वरून बंद दिसला तरी स्फटिकांच्या मधे केसाहून बारीक वाटा असतात. तेल त्या वाटांनी आत शिरतं. तिळाचं, करडईचं, जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतं आणि पिवळं, चिकट कवच धरतं. समईच्या वातीची काजळी आणि धूळ या कवचाला चिकटत राहते. खोबरेल इतक्या लवकर घट्ट होत नाही, पण आत मुरून दगड काळपट, ओलसर दिसायला लावतं. दिवाळीत देवाला लावलेलं सुगंधी तेल, अत्तर, पंचामृतातलं तूप हे सगळं याच वर्गात मोडतं.

दुधाचा डाग निराळा. दुधातली प्रथिनं सुकली की पातळ पापुद्रा धरतात आणि जुना पापुद्रा पिवळसर तपकिरी होतो. शिवाय दूध मूर्तीच्या पायाशी, वस्त्राच्या चुण्यांत, बैठकीच्या खाचेत साचून आंबलं की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं. दह्यात तर ते आधीपासूनच असतं. त्यामुळे पायाशी बहुधा दोन गोष्टी एकत्र आढळतात: वर पिवळा पापुद्रा आणि खाली आम्लाने मंदावलेला दगड.

कुंकवाचा डाग म्हणजे रंगाचा डाग. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थांची क्रिया करून बनतं. बाजारातल्या पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतात. दगडावर आधीच तेल असेल तर हे रंग तेलात विरघळून आत खोल जातात. म्हणून तेलकट कपाळावर लावलेलं कुंकू कोरड्या कपाळावरच्या कुंकवापेक्षा कितीतरी चिवट असतं.

साफसफाईचा क्रम यातूनच ठरतो. तेल पाण्याला आत येऊ देत नाही, त्यामुळे ते असेपर्यंत रंगावरचा आणि दुधावरचा पाणीदार उपाय आत पोचत नाही. साधं धुणं पहिलं, तेल दुसरं, आणि रंग व दुधाची पिवळी झाक सगळ्यांत शेवटी.

हात लावण्याआधीची परीक्षा

सगळ्यात आधी मूर्ती खरंच दगडाची आहे का, ते पाहावं. संगमरवराची भुकटी राळेत मिसळून साच्यात ओतलेल्या मूर्ती बाजारात पुष्कळ आहेत. त्या हाताला तितक्या गार लागत नाहीत, आकाराच्या मानाने हलक्या असतात आणि कडेला साच्याची जोडरेषा दिसते. अशा मूर्तीला पुढे सांगितलेलं अ‍ॅसिटोन लावू नये, राळ विरघळते. ती सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून थांबावं.

मग अंधार करून टॉर्चचा उजेड मूर्तीवर तिरका पाडावा. जिथे रंग बदलला आहे पण चमक शाबूत आहे, तिथे डाग आहे. जिथे रंग ठीक आहे पण चमक तुटली आहे, तिथे आम्लाने दगड खाल्ला आहे. ही जागा ओली केली की छान दिसते आणि सुकली की पुन्हा मंद होते. ती कुठल्याही लेपाने सुधारणार नाही. अशा जागा कागदावर नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे नंतर आपल्या हातून काही बिघडलं का, ते कळतं.

तिसरी परीक्षा मूर्तीच्या पाठीवर, बैठकीजवळच्या पिवळ्या जागी करावी. कानकोरणीच्या कापसाला शुद्ध अ‍ॅसिटोन लावून तो हलकेच टेकवावा. कापसावर पिवळं आलं तर वर तेलाचा किंवा जुन्या मेणाचा थर आहे. काहीच आलं नाही तर पिवळेपण आत मुरलेलं आहे किंवा ते दगडातल्या लोहाचं आहे. लोहाचा पिवळेपणा गंजाच्या छटेचा असतो आणि बहुधा शिरांच्या दिशेने किंवा लोखंडी खिळ्याच्या, सळईच्या आसपास दिसतो. तो घरच्या उपायांनी निघत नाही.

डोळे, भुवया, ओठ, केस आणि वस्त्राची सोनेरी किनार बहुतेक मूर्तींवर रंगवलेली असते. डोळे कधी वेगळे करून चिकटवलेलेही असतात. अ‍ॅसिटोन आणि स्पिरिट हे दोन्ही रंग व चिकटवण सोडवतात. त्या भागांपासून बोटभर अंतर राखायचं आणि तिथे ओलसर कापसाच्या पलीकडे जायचं नाही.

लेपाचं तत्त्व

आत मुरलेला डाग घासून निघत नाही, तो बाहेर ओढून घ्यावा लागतो. आग्र्याच्या ताजमहालावरचा पिवळेपणा काढायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1994 पासून अनेकदा मुलतानी मातीचा लेप वापरला आहे. लेप लावायचा, सुकू द्यायचा, मऊ ब्रशने काढायचा आणि शुद्ध पाण्याने धुवायचं, अशी ती रीत. मूर्तीसाठी तत्त्व हेच आहे.

लेपातला द्रव दगडात शिरून डाग विरघळवतो. मग लेप बाहेरून सुकू लागतो, द्रव दगडातून लेपाकडे खेचला जातो आणि येताना विरघळलेला डाग घेऊन येतो. म्हणून लेप आधी झाकून ओला ठेवायचा, म्हणजे द्रव आत जातो. नंतर उघडा ठेवून पूर्ण सुकू द्यायचा, म्हणजे डाग बाहेर येतो. अर्धा ओला असताना काढला तर डाग आतच राहतो.

लेपाची भुकटी घरगुती मूर्तीसाठी मुलतानी मातीऐवजी चिनीमातीची, म्हणजे केओलिनची घ्यावी. मुलतानी मातीत लोहाचा अंश असू शकतो आणि पुढे लागणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याचं जमत नाही. केओलिन मिळालं नाही तर साधे पांढरे, छपाई व वास नसलेले टिश्यू पेपर किंवा औषधी कापूस भिजवून थरावर थर लावला तरी चालतो. चेहऱ्यासारख्या गोलाईवर कापूसच जास्त चांगला बसतो.

एक मूर्ती, पायरीपायरीने

उदाहरणादाखल दीड फुटी पांढरी दत्तमूर्ती घेऊ. दर गुरुवारी पंचामृताचा अभिषेक, दिवाळीत तेल, रोज तिन्ही कपाळांवर कुंकू आणि अष्टगंध. छाती आणि खांदे चिकट पिवळे, कपाळं गुलाबी नारिंगी, पायाशी गाय आणि श्वानांच्या मधल्या खाचांत पिवळा तपकिरी थर. सोनेरी किनार आणि रंगवलेले डोळे शाबूत आहेत.

मूर्ती हलवता येत असेल तर दोन्ही हात बैठकीखाली घालून उचलावी आणि जाड घडीच्या टॉवेलवर ठेवावी. हात, त्रिशूळ, डमरू अशा पुढे आलेल्या भागांना धरू नये. प्रतिष्ठापना झालेली, ओट्यात बसवलेली मूर्ती असेल तर गुरवांशी किंवा पुजाऱ्यांशी बोलून जागच्या जागीच काम करावं.

पहिल्या दिवशी फक्त धुणं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ आणि कुंकवाचे सुटे कण झाडून घ्यावेत. ते तसेच ओले करून पुसले तर रंग सगळीकडे पसरतो. मग एक लिटर कोमट पाण्यात सौम्य, आम्ल नसलेल्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाकावेत. ‘लिंबाची शक्ती’ असं लिहिलेला भांड्यांचा साबण नको. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्यावं, कारण बोअरच्या जड पाण्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग सोडतात. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी डिस्टिल्डच असतं, पण तिथेच बॅटरीचं अ‍ॅसिडही विकतात. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती उघडू नये.

पायाशी साचलेल्या दुधाच्या थरावर या पाण्यात भिजवलेला कापूस 15 ते 20 मिनिटं ठेवावा. पाणी कोमटच हवं, कारण कढत पाण्याने दुधातली प्रथिनं आणखी घट्ट होतात. मऊ झालेला थर बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून टिपून घ्यावा. सुरी, पिन, तारेची घासणी अजिबात नको. नंतर साध्या पाण्याने तीन-चारदा पुसून साबण पूर्ण काढावा आणि मूर्ती पंख्याखाली रात्रभर सुकू द्यावी.

दुसऱ्या दिवशी तेल. इथे अ‍ॅसिटोन लागतं आणि ते भडकन पेट घेतं. समई, निरांजन, उदबत्ती, गॅस सगळं विझलेलं असल्याची खात्री करावी, खिडक्या उघडाव्यात, हातमोजे घालावेत. गाभाऱ्याला खिडकी नसेल तर तिथे अ‍ॅसिटोन वापरूच नये. रंगीत, सुवासिक नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, रसायनांच्या दुकानातलं शुद्ध अ‍ॅसिटोन हवं. आधी कापसाच्या बोळ्यांनी वरचं चिकट कवच टिपून घ्यावं. प्रत्येक टिपणीला कापसाची नवी बाजू घ्यावी, नाहीतर एका जागचं तेल दुसरीकडे पसरतं.

कवच निघाल्यावर आत मुरलेल्या तेलासाठी लेप. चिनी मातीच्या भांड्यात केओलिन घेऊन त्यात अ‍ॅसिटोन थोडं थोडं घालत श्रीखंडाइतका दाट लेप करावा. तो डागाच्या कडेपासून बाहेर इंचभर जाईल असा, अर्धा ते एक सेंटिमीटर जाड पसरावा. वरून प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून कडा कागदी चिकटपट्टीने बसवाव्यात. अ‍ॅसिटोन लवकर उडतं, म्हणून दोन-तीन तासांनी प्लास्टिक काढून लेप सुकू दिला तरी चालतो. सुकलेला लेप लाकडी चपट्या काडीने हलकेच उचलावा, उरलेली भुकटी ओल्या कापसाने टिपावी.

उचललेला लेप फेकण्याआधी उलटा करून पाहावा. दगडाला टेकलेली बाजू पिवळसर असेल तर काम चालू आहे. जुन्या तेलासाठी असे तीन-चार लेप लागू शकतात. लागोपाठ दोन लेप पांढरेच निघाले की तेलाचा जेवढा भाग निघणार होता तेवढा निघाला असं समजून थांबावं.

आता कपाळं. हळदीचा आणि कुंकवातल्या बऱ्याच कृत्रिम रंगांचा अंश स्पिरिटमध्ये विरघळतो. औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेला छोटा कापूस कपाळावर ठेवायचा, दहा मिनिटांनी बदलायचा. चोळायचं नाही. स्पिरिटही ज्वालाग्राही आहे, तेव्हा दिवे विझलेलेच असावेत. कापसावर रंग येईनासा झाला की मूर्ती दोन-तीन दिवस खिडकीशी भरपूर उजेडात ठेवावी. हळदीतलं रंगद्रव्य प्रकाशाने आपोआप फिकट होत जातं आणि या उपायात दगडाला कसलाही धोका नसतो. फक्त दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या मूर्तीवर गार पाणी ओतू नये.

हळदीबाबत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. साबण किंवा खायचा सोडा लागला की हळदीचा पिवळा डाग एकदम लालसर तपकिरी होतो. ते पाहून घाबरून लोक लिंबू पिळतात, डाग खरोखर पुन्हा पिवळा होतो, आणि झळाळी जाते. हा बदल तात्पुरता आहे. साध्या पाण्याने तीन-चारदा पुसलं की रंग पूर्वीसारखा होतो.

शेवटचा टप्पा हायड्रोजन पेरॉक्साइडचा. दुधाची जुनी पिवळी झाक आणि कुंकवाची उरलेली गुलाबी छटा त्याने उतरते. औषधाच्या दुकानात ते बहुधा सहा टक्के तीव्रतेचं मिळतं, तेवढं पुरे. ते टिकावं म्हणून बाटलीत किंचित आम्लधर्मी ठेवलेलं असतं आणि संगमरवराला तेही नको असतं. म्हणून अर्धी वाटी पेरॉक्साइडमध्ये खायच्या सोड्याची एक चिमूट टाकून ढवळावं. मिश्रण ताजंच वापरावं, झाकण लावून साठवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्यावं, धातूचं नको.

पायाशी आणि कपाळांवर आधी साधं पाणी लावून दगड ओलसर करावा. मग केओलिन आणि हे मिश्रण कालवून लेप द्यावा किंवा भिजवलेल्या टिश्यूचे आठ-दहा थर बसवावेत. प्लास्टिकने झाकून चोवीस तास ठेवावं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून आणखी चोवीस तास, पूर्ण कोरडं होईपर्यंत सुकू द्यावं. पेरॉक्साइड रंगवलेल्या डोळ्यांवर किंवा सोनेरी किनारीवर ओघळू नये म्हणून त्या बाजूला कोरड्या कापसाची वळी लावून ठेवावी. आपल्या हातांनाही हातमोजे हवेत. लेप काढल्यावर डिस्टिल्ड पाण्याने चार-पाचदा पुसून कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावं. गरज पडली तर आठवड्याने दुसरा लेप द्यावा.

अशा मूर्तीचं काम दोन ते तीन आठवडे चालतं. शेवटी छाती आणि खांदे जवळजवळ मूळ रंगावर येतात. कपाळावर फिकट गुलाबी सावली उरण्याचा संभव असतो. पायाशी पापुद्रा जातो, पण जिथे दही-दूध साचत होतं तिथे मंद पट्टे स्पष्ट दिसू लागतात. ते आधीपासून तिथेच होते, वरच्या थराखाली झाकलेले. म्हणून तर सुरुवातीची नोंद महत्त्वाची.

काही बिघडलं तर

लेपाच्या कडेने पिवळी कडी उमटली तर लेप लहान पडला किंवा फार लवकर सुकला. पुढचा लेप कडीच्या बाहेरपर्यंत मोठा द्यावा आणि झाकण जास्त वेळ ठेवावं. सुकल्यावर पांढरी भुकटी दिसली तर धुणं कमी पडलं, ओल्या कापसाने पुन्हा टिपावं. पेरॉक्साइडनंतर डाग उलट तपकिरी झाला तर तिथे लोह आहे. तो उपाय तत्काळ थांबवून जागा भरपूर पाण्याने धुवावी. ब्लीच, फरशीचं अ‍ॅसिड किंवा गंज काढायची रसायनं यांच्याकडे वळू नये. गंज काढणारी बहुतेक रसायनं आम्लच असतात. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले तर विषारी वायू सुटतो.

शेंदूर लागलेली मूर्ती असेल तर आणखी जपावं. पारंपरिक शेंदरात शिशाचा किंवा पाऱ्याचा अंश असतो. तो खरवडल्यावर उडणारी भुकटी श्वासात जाणं धोक्याचं आहे, घरात लहान मुलं असतील तर जास्तच. हे काम घरी करू नये.

फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे मूर्ती देण्याचा मोह होतो. फरशीसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि फिरतं यंत्र चालतं, कारण तिथे सपाट दगडाचा थर काढायचा असतो. मूर्तीच्या चेहऱ्यावर तेच केलं तर चेहरा बदलतो. मंद पट्टे फारच खटकत असतील तर मूर्तिकाराला दाखवावेत, तो फक्त तेवढी जागा हाताने घासून देऊ शकतो. मूर्ती जुन्या, संरक्षित मंदिरातली असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय लेप तर सोडाच, साबणही लावू नये.

पुन्हा पिवळी होऊ नये म्हणून

संगमरवरावर पंचामृताचा परिणाम होतो, तसाच तो कमीजास्त प्रमाणात इतर दगडांवरही होतो. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या शिवलिंगाची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. 2020 मध्ये न्यायालयाने भाविकांनी लिंगावर दही, तूप, मध चोळू नये असे निर्देश दिले. अभिषेकासाठी शुद्ध केलेलं पाणी वापरण्याची व्यवस्था त्याआधीच झाली होती. मोठ्या देवस्थानाला जे करावं लागलं ते घरच्या देवघरात सहज करता येतं.

आपल्या परंपरेत त्याची सोय आधीपासून आहे. मुख्य मूर्ती जागेवर ठेवून अभिषेक धातूच्या उत्सवमूर्तीला, पादुकांना किंवा ताम्हनातल्या सुपारीला करतात. पंचामृत तिथे व्हावं आणि संगमरवरी मूर्तीला शुद्ध पाण्याचा स्पर्श पुरेसा मानावा. मूर्तीवरच अभिषेक करायचा असेल तर दही टाळावं, दूध पडल्यापासून काही मिनिटांत भरपूर पाण्याने धुवावं आणि खाचांमधलं पाणी कापसाने टिपून घ्यावं. कुंकू थेट दगडावर लावण्याऐवजी आधी चंदनाचा पातळ टिळा लावून त्यावर टेकवावं. चांदीचा टिळा बसवला तर प्रश्नच मिटतो. समई मूर्तीपासून हातभर लांब ठेवली तरी काजळी आणि तेलाचे शिंतोडे पुष्कळ कमी होतात.

चमक आणण्यासाठी तेल मात्र कधीच लावू नये. तेलाने दगड ओला दिसतो, तो स्वच्छ झालेला नसतो. संरक्षण हवंच असेल तर मूर्ती पूर्ण कोरडी झाल्यावर रंगहीन मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने पुसून घ्यावा. दुधा-तेलाचा पहिला मारा मग मेणावर येतो. अर्थात आम्लाला हे मेण फार काळ अडवू शकत नाही.

काम संपल्यावर मूर्तीवर फिकट पिवळी छटा उरली असेल तर तिथेच थांबा. शंभर टक्के पांढरेपणाच्या मागे लागून शेवटी लिंबू किंवा घासणी हाती घेतली जाते, आणि आधीची सगळी मेहनत तिथे वाया जाते. फिकट छटा पुढच्या वर्षी आणखी एका लेपाने कमी करता येईल. झिजलेल्या पापण्या आणि गेलेली झळाळी परत आणता येणार नाही.